तिकीट मशिनचा फोटो काढून भाषांतर केलं आणि भलतंच स्टेशन आलं: काय काय तपासायचं

रेल्वेच्या बुकिंग ऑफिसातून निवृत्त झाल्यावर मी ठाणे स्टेशनवर एटीव्हीएम या तिकीट मशिनपाशी, प्रवाशांना तिकीट काढून देणारा फॅसिलिटेटर म्हणून उभा राहतो. परदेशी पाहुणा मशिनसमोर उभा आहे, त्यानं पडद्याचा फोटो काढलाय, फोननं त्याच्या भाषेत काहीतरी लिहून दिलंय आणि तो हताश होऊन इकडेतिकडे बघतोय, हे दृश्य मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. दर वेळी घोळ जवळजवळ तोच असतो आणि सुटतोही त्याच क्रमानं. तुमच्या घरी बाहेरदेशीचं कुणी राहायला आलं असेल, किंवा रांगेत तुमच्या पुढे असं कुणी अडकलं असेल, तर हे उपयोगी पडेल.

लक्षणं

सगळ्यात ठळक खूण म्हणजे भाषांतरात स्टेशनांच्या जागी वस्तू दिसायला लागतात. मध्य रेल्वेवर ठाण्याच्या पुढची स्टेशनं एकदा मोठ्यानं म्हणून बघा: कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. आपल्याला ही नावं आहेत. फोनला मात्र यातले चार चक्क नेहमीच्या वापरातले शब्द वाटू शकतात. मग कळवा म्हणजे 'माहिती द्या', दिवा म्हणजे उजेडाचा, कोपर म्हणजे हाताचा आणि कल्याण म्हणजे भलं. मुंब्रा आणि ठाकुर्ली शब्दकोशात नाहीत, म्हणून ती जशीच्या तशी उतरतात. एकाच फोटोत निम्मी नावं शाबूत आणि निम्म्यांचे अर्थ लावलेले, असं दिसलं की रोग हाच.

दुसरी खूण बटणांवरच्या शब्दांची. 'एकेरी'चं भाषांतर 'अविवाहित' होतं, 'परतीचं' म्हणजे पैसे परत असं दिसतं, नाहीतर लहान मुलासाठीच्या 'मूल' या बटणावर 'मूळ' असं काहीतरी येतं. तिसरी खूण अशी की एकाच पडद्याचे दोन फोटो काढले तर दोन वेगळे अर्थ निघतात. हा सगळा खटाटोप चालू असताना मशिन थांबत नाही. थोडा वेळ कुणी हात लावला नाही की ते पहिल्या पानावर जातं.

त्या शनिवारी काय झालं

स्पेनहून आलेला एक तरुण होता. पाठीवर मोठी सॅक, हातात कुणाचं तरी एटीव्हीएमचं स्मार्ट कार्ड. ठाण्यात ज्यांच्याकडे उतरला होता त्या ताईंनी ते त्याला दिलं होतं. त्याला मित्राच्या घरी जायचं होतं आणि मित्राच्या मेसेजात एकच शब्द होता: Kopar.

आधीच्या प्रवाशानं मशिन मराठीत ठेवलेलं. त्यानं फोटो काढला, भाषांतर आलं, आणि तो माझ्याकडे वळून डाव्या हाताचं कोपर दाखवत म्हणाला, "कोदो?" मला वाटलं, हात दुखतोय. मी बाकड्याकडे बोट केलं. त्यानं मान हलवली आणि फोन माझ्यापुढे धरला. नकाशावर जिथं 'कोपर' होतं तिथं Codo लिहिलेलं होतं. स्पॅनिशमध्ये कोपराला तेच म्हणतात.

इथवर गंमत वाटेल, पण खरा धोका त्याच फोटोत खाली होता. ट्रान्सहार्बरच्या रेषेवर कोपरखैरणे आहे. हा जोडशब्द, त्याला कुठला अर्थ चिकटत नाही, म्हणून फोननं तो नुसता रोमन लिपीत उतरवला: Koparkhairane. आता त्या मुलाच्या जागी उभं राहून बघा. मित्रानं लिहिलंय Kopar. भाषांतरात Kopar ही अक्षरं फक्त एकाच ठिकाणी दिसतात आणि ते ठिकाण नवी मुंबईत आहे. त्याचं बोट तिथंच निघालं होतं.

दोन्ही स्टेशनं ठाण्याहूनच गाठता येतात, म्हणून चूक लगेच लक्षातही येत नाही. कोपर मध्य रेल्वेवर दिवा आणि डोंबिवलीच्या मधे. कोपरखैरणे वाशीच्या रस्त्यावर, घणसोली आणि तुर्भ्याच्या मधे, आणि त्या गाड्या ९ आणि १० नंबर प्लॅटफॉर्मवरून सुटतात. तिकीट कोपरखैरण्याचं काढून माणूस कोपरला उतरला तर तो विनातिकीट ठरतो. दंड कमीत कमी २५० रुपये, वर भाडं. पाच-दहा रुपयांच्या तिकिटासाठी हे फार झालं.

आता तपासण्या. ज्यांना काहीच खर्च नाही आणि दहा सेकंद लागतात त्या आधी.

पहिली: मशिनची भाषा बदला

मशिनवर सुरुवातीलाच मराठी, हिंदी आणि इंग्रजी असे पर्याय असतात. पाहुण्याला इंग्रजी अजिबात येत नसलं तरी इंग्रजी निवडा. हे लोकांना पटत नाही. "काका, त्याला इंग्रजी येतच नाही, मग काय उपयोग?" असं मला कितीतरी जणांनी विचारलंय. उपयोग असा की इंग्रजी पडद्यावर स्टेशनाचं नाव रोमन लिपीत येतं, आणि त्याच्या मेसेजात, तिकिटात, नकाशात ते त्याच लिपीत असतं. त्याला वाचायचं नाहीच, अक्षराला अक्षर जुळवायचं आहे. Kopar आणि Kopar Khairane शेजारी ठेवले तर सहा वर्षांचं पोरही फरक सांगेल.

दुसरंही कारण आहे. भाषांतराची पुष्कळ साधनं मराठीतून थेट स्पॅनिश किंवा कोरियनमध्ये जात नाहीत, मधे इंग्रजीच्या थांब्यावर उतरतात. 'एकेरी'चं आधी इंग्रजी सिंगल होतं. मग पुढच्या टप्प्याला हे तिकीट आहे की माणूस, ते कळायला मार्ग नसतो. त्या मुलाच्या फोनवर 'एकेरी'च्या जागी सोल्तेरो आलं होतं, म्हणजे लग्न न झालेला, आणि तो अंगठीचं बोट दाखवून मला विचारत होता की हे मशिनला कशाला सांगायचं. 'परतीचं'चंही तसंच झालं, इंग्रजी रिटर्नमधून ते पैसे परत मागण्यावर गेलं. मशिन इंग्रजीत केलं की निदान एक टप्पा कमी होतो आणि एक चूकही.

व्यवहार अर्ध्यात असेल तर मधेच भाषा शोधत बसू नका. रद्द करा, पहिल्या पानावर या, तिथून सुरू करा. शंभरातले बहुतेक घोळ इथंच संपतात. पुढच्या तपासण्या त्यांच्यासाठी, ज्यांच्याकडे मराठीतलाच फोटो आहे: भिंतीवरची पाटी, खिडकीवरची सूचना, किंवा घरून कुणी पाठवलेला पडद्याचा फोटो.

दुसरी: काच पुसा, दोन्ही

आधी फोनच्या कॅमेऱ्याची, मग मशिनची. पावसाळ्यात खिशातून काढलेल्या फोनवर वाफ धरलेली असते आणि मशिनच्या पडद्यावर दिवसभरात हजार बोटं उमटतात. इंग्रजी अक्षर जरा पुसट झालं तरी ओळखू येतं. आपल्या लिपीत अर्थाचा निम्मा भार टिंबांवर आणि मात्रांवर असतो. अनुस्वार एका ठिपक्याएवढा, वेलांटी एका रेघेएवढी, आणि नेमका त्यांच्यावर ट्यूबलाइटचा उजेड पडला की 'दिवा'चं 'दवा' झालं, 'अंक'चं 'अक' झालं. फोन चुकीचं भाषांतर करत नसतो, चुकीचं वाचत असतो. म्हणूनच दोन फोटोंचे दोन अर्थ निघतात.

फोटोवर काळे आडवे पट्टे किंवा इंद्रधनुष्यासारख्या लाटा दिसत असतील तर फोन धरायची पद्धत बदला. पडदा ठिपक्यांचा बनलेला, कॅमेऱ्याचा सेन्सरही ठिपक्यांचा, दोन्ही जाळ्या एकमेकांवर आल्या की त्या लाटा उमटतात. पट्टे पडद्याच्या लुकलुकण्यामुळे येतात. दोन पावलं मागे या, थोडं झूम करा, फोन किंचित तिरका धरा आणि स्वतःच्या अंगाची सावली पडद्यावर पाडा. अक्षरांवर बोट टेकवून फोकस धरू द्या आणि मग फोटो काढा. कॅमेरा नुसता समोर धरून चालता चालता भाषांतर दाखवण्याची सोय असते, ती इथं वापरू नका. तिच्यात शब्द दर क्षणाला बदलत राहतो आणि माणूस आणखी गोंधळतो.

तिसरी: 'भाषा आपोआप ओळखा' बंद करा

मराठी, हिंदी आणि नेपाळी तिघींची लिपी देवनागरी. मजकूर मोठा असला तर फोनला फरक कळतो. बटणावर मात्र एकच शब्द असतो, तेव्हा तो अंदाज करतो, आणि अंदाज बरेचदा हिंदीकडे झुकतो. 'मूल' हे त्याचं चोख उदाहरण. मराठीत लेकरू, हिंदीत मूळ किंवा अस्सल. त्या मुलाच्या फोनवर 'प्रौढ' बरोबर आलं होतं आणि शेजारी 'ओरिजिनल'. त्याला वाटलं, तिकिटाची मूळ प्रत हवी का असं विचारतायत, आणि त्यानं दोन्ही दाबलं. म्हणजे एक मोठा आणि एक लहान, दोन तिकिटं.

म्हणून मूळ भाषेच्या जागी हातानं मराठी निवडा. समोरची पाटी मराठी आहे की हिंदी हे पाहुण्याला कसं कळणार? त्याला 'ळ' हे अक्षर दाखवून ठेवा. कागदावर मोठं काढून द्या. ते अक्षर कुठंही दिसलं तर मजकूर मराठी समजायला हरकत नाही, कारण रोजच्या हिंदीत ते येत नाही. कळवा, नेरूळ, रबाळे, टिटवाळा: आपल्या भागात ळ शोधायला लांब जावं लागत नाही.

नेट नसेल तर भाषा आधी फोनवर उतरवून घेतलेली लागते. हे घरी वायफायवर करायचं काम आहे, रांगेत उभं राहून होत नाही.

चौथी: नावाचा अर्थ लावू नका, शेजार बघा

इथं मी जास्त थांबतो, कारण बाकी सगळं नीट करूनही कोपर ते कोपरच राहतं. फोटो स्वच्छ आहे, भाषा मराठी निवडली आहे, तरी Codo येणारच. फोन चूक करत नाहीये. 'कोपर' हा मराठी शब्द आहे आणि त्याचा अर्थ त्यानं अचूक सांगितला. हे गावाचं नाव आहे हे त्याला सांगणारं पडद्यावर काही नाही. वाक्य असतं तर, 'कोपरला उतरा' असं लिहिलेलं असतं तर, त्याला अंदाज आला असता. नकाशावर एकटाच शब्द असतो.

तेव्हा पहिलं काम असं की भाषांतर झालेल्या फोटोत मूळ अक्षरं परत आणायची. बऱ्याच ॲपमध्ये भाषांतर आणि मूळ फोटो यांत अदलाबदल करता येते, आणि शब्दावर बोट ठेवलं की त्याचा उच्चार रोमन अक्षरांत दिसतो. तो उच्चार मेसेजाशी ताडून बघायचा. अर्थाकडे बघायचंच नाही.

दुसरं काम शेजार तपासायचं. मी त्या मुलाला मशिनवरचा मोठा नकाशा दाखवला आणि ताईंना फोन लावायला सांगितला. मराठीतच बोललो.

"ताई, तुमच्याकडचा पाहुणा ठाण्याला मशिनपाशी आहे. त्याचा मित्र कुठल्या कोपरला राहतो?"

"कुठल्या म्हणजे? कोपरला. डोंबिवलीच्या आधी."

"दिवा झाल्यावर?"

"हो, दिव्यानंतर लगेच. अहो, का? काय झालं?"

"काही नाही, तो कोपरखैरण्याचं काढत होता."

"अगंबाई! मीच त्याला नुसतं कोपर म्हणून सांगितलं."

एवढं पुरलं. आधीचं स्टेशन दिवा, नंतरचं डोंबिवली. मी त्याच्या फोनवर Diva, Kopar, Dombivli असं एका ओळीत लिहिलं आणि मधल्या शब्दाखाली रेघ मारली. मशिन रद्द करून इंग्रजीत आणलं. त्यानं नकाशावर ओळीनं बोट फिरवलं, तीन नावं त्याच क्रमानं सापडली, तेव्हा तो पहिल्यांदा हसला. एक मोठा, सेकंड क्लास, एकेरी. लहानाच्या जागी शून्य आहे ना हे मी त्याला स्वतः बघायला लावलं.

तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगतो: पाहुण्याला स्टेशनाचं एकटं नाव पाठवू नका, तीन पाठवा, आणि दोन्ही लिप्यांत. मजकूर असा पुरतो:

```
दिवा > कोपर > डोंबिवली
Diva > KOPAR > Dombivli
```

आपल्याकडे ही खबरदारी नेहमीच लागते. कोपरी ठाणे पूर्वेला आहे, कोपर मध्य रेल्वेवर, कोपरखैरणे नवी मुंबईत. ऐकणाऱ्या परक्या कानाला तिन्ही एकच. आणि स्टेशनांचे रेल्वेचे कोड लिहिणार असाल तर पूर्ण खात्री करून लिहा. डोंबिवलीचा कोड DI आणि दिव्याचा DIVA. घाईत एक दुसऱ्यासारखा वाचला जातो.

पाचवी: वेळ

सगळं बरोबर असूनही मशिन पहिल्या पानावर जात असेल तर बिघाड समजू नका. पाहुणा प्रत्येक पडद्याला थांबून फोटो काढतोय, भाषांतर वाचतोय, आणि तेवढ्यात मशिनचा धीर संपतो. उपाय असा की आधी कार्ड न ठेवता बाजूला उभं राहायचं, पुढचे दोन प्रवासी तिकीट काढताना पडद्यांचा क्रम बघायचा, आपलं स्टेशन, माणसं, वर्ग, एकेरी की परतीचं हे कागदावर लिहायचं आणि मग पुढं व्हायचं. लोकांचे फोटो काढू नयेत, नुसतं बघावं. मागच्या माणसाला "आधी तुम्ही घ्या" म्हणण्यात काही जात नाही. मात्र तिकीट गाडीच्या फार आधी काढून ठेवू नका, एकेरी तिकिटावर तासाभरात प्रवास सुरू करावा लागतो.

इथं थांबा आणि माणसाला बोलवा

पडदे वाचण्यापुरतं फोनवर विसंबायला हरकत नाही. पैसे कापले जाण्याच्या क्षणाला नाही. शेवटच्या पडद्यावर कुठून, कुठं, किती माणसं, कुठला वर्ग हे लिहून येतं. त्यातली एकही गोष्ट भाषांतरात विचित्र दिसली तर पुढं दाबू नका. फर्स्ट क्लासच्या भाड्यात आणि सेकंडच्या भाड्यात बरंच अंतर आहे, आणि आकडा भाषांतर न करताही वाचता येतो. छोट्या अंतराला आकडा मोठा दिसला की काहीतरी चुकलंय.

स्मार्ट कार्ड ठेवल्यावर तिकीट छापून हातात येईपर्यंत ते उचलायचं नाही. हे पाहुण्यांना माहीत नसतं. ते बँकेच्या कार्डासारखं टेकवून लगेच उचलतात. पैसे गेल्यासारखं दिसलं आणि तिकीट आलं नाही, तर पुन्हा प्रयत्न करू नका, दुसऱ्या मशिनवरही नाही. पडद्याचा फोटो काढा, या वेळी भाषांतरासाठी नाही, पुरावा म्हणून. मशिनचा नंबर आणि वेळ लिहा आणि जवळच्या फॅसिलिटेटरला किंवा बुकिंग खिडकीवर दाखवा. तो फोटो मराठीतच असू द्या. भाषांतर केलेला फोटो दाखवला तर आम्हालाही मूळ काय होतं ते कळत नाही.

दोनदा रद्द करूनही स्टेशन सापडत नसेल, कार्ड नसेल, किंवा पाहुण्याला लोकलच्या पुढे लांबच्या गाडीचं तिकीट हवं असेल, तर मशिन सोडा. लांबच्या गाडीसाठी खिडकीवरच विचारा. लोकलचं तिकीट फॅसिलिटेटर स्वतःच्या कार्डावर काढून देतो आणि त्याचे पैसे रोख घेतो. कुणी अनोळखी माणूस "मी काढून देतो" म्हणून कार्ड मागत असेल तर देऊ नका. आणि खिडकीवर जाताना फोन पुढं करण्याऐवजी तीन नावांचा कागद पुढं करा. क्लार्कला ते वाचायला एक सेकंद लागतो.

त्या मुलानं तिकीट घेतलं, त्यावरचं Kopar मेसेजातल्या Kopar शेजारी धरलं, आणि मग आपलं कोपर पुन्हा एकदा माझ्यासमोर धरून भुवया उंचावल्या. मी मान डोलावली. स्लो गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मला लागते ते त्याला इंडिकेटरवर दाखवलं, कारण फास्ट गाडी कोपरला थांबत नाही.